किती फुटांवरचा चेहरा, किती दिवसांपूर्वीचा?

सांगलीच्या गणपती पेठेत भुसार, किराणा, सुकामेवा असा सगळा ठोक व्यापार. तिथून हाकेच्या अंतरावर माझं छपाईचं दुकान. दिवाळीच्या आधी दोन महिने हँडबिलांची रीघ लागते आणि त्यांतली निम्मी तरी सीसीटीव्हीची असतात. मजकूर इतका सारखा, की नाव आणि फोन नंबर बदलला तर एकाचं हँडबिल दुसऱ्याला चालून जाईल. त्यामुळे कॅमेरे बसवणारे एक गृहस्थ आपल्या भाचीला घेऊन आले तेव्हा मी मागच्या महिन्यातली फाइलच उघडून ठेवली होती. भाची पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहिते. तिने मामांचा कागद वाचला आणि पुढचा दीड तास माझं मशीन थांबलं. त्या दीड तासातलं बोलणं इथे मांडतो आहे, अधूनमधून माझं मत घालून.

मामांच्या कागदावर होतं ते असं: ‘चोरांना चाप! ४ एचडी कॅमेरे फक्त १४,९९९* रुपयांत! संपूर्ण दुकान ३६० अंश नजरेत! महिनाभराचं रेकॉर्डिंग! विक्रीनंतर तत्पर सेवा!’ खाली कोपऱ्यात, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत, ‘अटी लागू’.

भाची: मामा, हे वाचून दुकानदाराला काय कळणार?

मामा: फोन करायचा, एवढं कळणार. जाहिरात म्हणजे कोटेशन नव्हे गं. फोन आला की मी जातो, जागा बघतो, मग बाकीचं बोलणं.

भाची: फोन सगळ्यांनाच येतात. तुमच्या समोरच्यालाही हाच मजकूर छापून फोन येतात. मग दुकानदार दोघांना काय विचारतो?

मामा: दुसरं काय विचारणार? ‘कितीला?’

भाची: कारण जाहिरातीत विचारण्यासारखं दुसरं काही ठेवलेलंच नाही. ‘संपूर्ण दुकान नजरेत’ म्हणजे नेमकं काय दिसतं, ते मला सांगा. समजा १२ फूट रुंद, ३० फूट खोल गाळा आहे. पुढे काउंटर, मागे पोती.

मामांनी माझ्या टेबलावरचा रद्दी कागद ओढला आणि गाळा काढला. हा माणूस जाहिरात वाईट लिहितो, पण काम त्याला येतं, हे त्या रेघांवरूनच कळत होतं.

मामा: बहुतेक जण काय करतात, मागच्या भिंतीवर, छताला लागून एक कॅमेरा ठोकतात, तोंड दाराकडे. मोबाईलवर बघितलं की अख्खा गाळा दिसतो, मालक खूश. पण दार तिथून ३० फुटांवर. नेहमीचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि २.८ एमएमची लेन्स असेल, तर दारातल्या माणसाचा चेहरा सगळा मिळून तेरा-चौदा पिक्सेल रुंद येतो. माणूस आहे, एवढं कळतं. कोण आहे, ते कळत नाही. त्यात दाराबाहेर ऊन. उजेडाच्या पुढे उभा माणूस नुसता काळा आकार.

भाची: आणि ओळखू यायला किती पिक्सेल लागतात?

मामा: आंतरराष्ट्रीय मानकात पायऱ्या आहेत. कोणीतरी हललं, एवढंच कळायला कमी लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला एका मीटरला १२५ पिक्सेल. आणि कधीच न पाहिलेला माणूस, ज्याचा फोटो काढून पोलिसांना द्यायचाय, त्याला एका मीटरला २५०. म्हणजे चेहऱ्यावर चाळीसेक. २.८च्या लेन्सला हे जमतं १० फुटांच्या आसपास. ३.६ची घातली तर तेरा-चौदा फूट. ६ एमएमची घातली तर २५ फुटांपर्यंत जातं, पण मग बाजूचं दिसत नाही, चित्र अरुंद होतं. आणि हे सगळं बऱ्या उजेडात. संध्याकाळी त्यातलं चौथाई कमी धर.

भाची: मामा, हे तुम्ही मला दोन मिनिटांत सांगितलंत. मग हे या कागदावर का नाही?

मामा: पिक्सेल? गणपती पेठेत? लोक त्यात भजी गुंडाळतील.

भाची: पिक्सेल नाही लिहायचे. फूट लिहायचे. दुकानदाराला फूट कळतात, त्याने गाळा फुटांवरच घेतलाय. ‘दारातून येणाऱ्याचा चेहरा १० फुटांच्या आत टिपणारा एक कॅमेरा, दाराच्या आतल्या बाजूला.’ एवढंच.

मामा: आणि उंची? उंची लिहिली नाहीस तर तो म्हणणार, वर पत्र्याला लावा, कुणाचा हात पोचायला नको. दहा-बारा फुटांवरून टोपीच दिसते, चेहरा नाही. दारातला कॅमेरा सात-आठ फुटांवरच पाहिजे, आणि उजेड पाठीमागून येतो म्हणून डब्ल्यूडीआरवाला पाहिजे.

भाची: हे तर जाहिरातीचं सोनं आहे. ‘टोपीखालचा चेहरा दिसावा म्हणून आम्ही दारातला कॅमेरा ८ फुटांच्या वर लावत नाही.’ हे वाचल्यावर तो समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याकडे वर मान करून बघणार की नाही?

मामा हसले. बघणार, हे त्यांनाही पटलं होतं. पण लगेच सावरून म्हणाले,

मामा: तो बघेल आणि मलाच विचारेल, ‘तुम्ही दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे लावलाय तो अकरा फुटांवर कसा?’

भाची: मग तो खाली घ्यायला जा. त्याचे पैसे घेऊ नका.

इथे मामा गप्प झाले आणि मला दोघांचीही बाजू कळली. बाजारातला माणूस मोजमाप लिहायला कचरतो, ते खोटं बोलायचं असतं म्हणून नव्हे. लिहिलेला आकडा जुन्या गिऱ्हाइकाच्याही हाती लागतो, हे त्याला ठाऊक असतं. ‘एचडी’ आणि ‘३६० अंश’ या शब्दांचा फायदा हाच, की त्यांना धरून कुणी भांडायला येत नाही.

काउंटरच्या कॅमेऱ्यावर मात्र दोघांचं चटकन जमलं. मामा म्हणाले, दुकानात रोजची कटकट चोरीची नसते, सुट्ट्या पैशांची असते. ‘मी पाचशे दिले होते’, ‘नाही, दोनशेच होते’. काउंटरवर साडेसहा-सात फुटांवरून सरळ खाली बघणारा कॅमेरा असेल तर पाचशेची करडी नोट आणि दोनशेची पिवळी यांत गोंधळ होत नाही. गल्ला मालकाच्या पाठीआड जाणार नाही अशी बाजू निवडायची, एवढंच. भाचीने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. उरलेले दोन कॅमेरे पोत्यांच्या बोळात आणि मागच्या दारावर. त्यांच्याकडून चेहरा नाही, हालचाल आणि माल कुठून कुठे गेला तेवढं हवं. तिथे रुंद लेन्सच बरी.

मग वळण आलं ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग’वर.

भाची: चार कॅमेरे आणि ही किंमत, म्हणजे हार्डडिस्क केवढी?

मामा: एक टीबी.

भाची: तिच्यात महिना मावतो?

मामा: मावतो की. मावायला लावला तर.

भाची: म्हणजे?

मामा: डिस्कमध्ये चित्र नाही मावत, आकडे मावतात. कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा पाठवतो त्यावर सगळं. चांगलं चित्र हवं तर मी एका कॅमेऱ्याला दोन एमबीपीएस ठेवतो. त्या हिशोबाने एका कॅमेऱ्याचे दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबी म्हणजे एक हजार जीबी. भाग दे.

भाची: साडेअकरा. अकरा दिवस?

मामा: अकरा दिवस. बाराव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. आता त्यालाच महिना करायचा तर सेटिंगमध्ये जाऊन दोनचं पाऊण करायचं. झाला महिना. कुणाला पत्ता लागत नाही.

भाची: आणि चित्र?

मामा: माणूस उभा असला तर ठीक. चालायला लागला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन. लाइव्ह बघताना कळत नाही, मागचं काढून बघितलं की कळतं. आणि मागचं कोण काढून बघतो? काही घडल्यावरच.

भाची: म्हणजे महिना देता, पण बिनचेहऱ्याचा.

मामा: सगळे तेच देतात! मी इथे ‘११ दिवस’ लिहिलं आणि समोरच्याने ‘३० दिवस’, तर दुकानदार कुणाला फोन करेल? खरं सांग.

प्रश्न चुकीचा नव्हता. भाचीनेही लगेच उत्तर दिलं नाही. तिने उलट विचारलं, की दुकानदाराला किती दिवस खरोखर लागतात. मामांनी थोडा विचार करून सांगितलं, ते मला नवं होतं. गल्ल्यातली भांडणं त्याच दिवशी मिटतात. मारामारी, पाकीटमारी असली तर पोलीस दोन-चार दिवसांत येतात. पण माल कमी भरल्याचं कळतं महिन्याअखेर साठा मोजताना. तेलाचे डबे कमी निघाले, की मालक म्हणतो मागच्या महिन्याचं काढा, आणि डीव्हीआरमध्ये अकराच दिवस असतात.

भाची: मग पोत्यांच्या बोळातला आणि मागच्या दाराचा कॅमेरा महिनाभर मागे जायला हवा.

मामा: डिस्क एकच असते, जुनं पुसायचं झालं की सगळ्यांचं पुसतं. पण एक करता येतं. दार आणि काउंटर अखंड चालू ठेवायचे. मागचे दोन फक्त हालचाल झाली की. तिथे दिवसातले सात-आठ तासच काहीतरी हलत असतं. आणि डिस्क दोन टीबीची घालायची. मग रोजचे ८६ ऐवजी ५७-५८ जीबी लागतात, आणि रेकॉर्डिंग चौतीस दिवस पुरतं. चित्राला हात न लावता.

भाची: मग लिहू या ‘३० दिवस’!

मामा: नाही. ते लिहू नकोस.

आता बाजू पलटली होती. भाची आकडा लिहायला उतावीळ आणि मामा हात आखडते घेत होते.

मामा: दिवाळीत मागच्या बोळात दिवसभर हमाल असतात. उंदीर पळाला, मांजर गेलं, ट्यूब लुकलुकली, की कॅमेऱ्याला हालचाल वाटते. मग तीसचे सव्वीस होतात. आणि नेमकं दिवाळीचंच कुणाला तरी लागतं.

भाची: सगळेच कॅमेरे अखंड चालले असं धरलं तर दोन टीबीत किती?

मामा: तेवीस.

भाची: म्हणजे त्याच्या खाली कधीच जाणार नाही. ‘कमीत कमी ३ आठवडे, सगळे कॅमेरे, चेहरा ओळखू येईल अशा प्रतीचं.’ जास्त मिळालं तर त्याचा आनंद.

मामा: समोरचा ३० लिहितो.

भाची: त्याच्यासाठी खाली एक ओळ टाकू: ‘कुणाकडूनही कॅमेरे घ्या, आधी त्यांनी बसवलेल्या दुकानात जाऊन १५ दिवसांपूर्वीचा, चालत्या माणसाचा चेहरा काढून दाखवायला सांगा.’ तुम्ही दाखवू शकता ना?

मामा: मी दाखवीन. पण हे म्हणजे गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दारात पाठवणं झालं.

माझं मत भाचीच्या बाजूने पडलं. एमबीपीएस कुणी विचारणार नाही, पण ‘पंधरा दिवसांपूर्वीचं दाखव’ हे कुणालाही विचारता येतं आणि त्याचं उत्तर डोळ्यांनी तपासता येतं. शिवाय ही ओळ छापणारा माणूस स्वतः तयारीचा असल्याचं आपोआप ठरतं. मामांचा आक्षेप मात्र एका ठिकाणी खरा आहे. घाईत असलेला दुकानदार कुठेही जाऊन काही बघणार नाही, तो ‘३०’ हा आकडा बघेल. असं गिऱ्हाईक या हँडबिलाने जाईल, आणि ते जाऊ द्यायची तयारी असेल तरच असं हँडबिल छापावं.

मध्येच मामांनी ‘कोर्टात चालणारं रेकॉर्डिंग’ अशी एक ओळ सुचवली. ती भाचीने लगेच खोडली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. कॅमेरे बसवणारा हे आधीच कबूल करू शकत नाही. ‘चोरांना चाप’ही गेलं, कारण कॅमेरा चोराला अडवत नाही, नंतर दाखवतो. आणि ती मुंगीच्या अक्षरांतली अट? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट आहे, की अट ही दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. हे मीही इतकी वर्षं छापत आलो होतो, म्हणून मी संगणकाकडे पाहिलं.

‘तत्पर सेवा’ हा शब्द आला आणि खरी खडाजंगी सुरू झाली.

भाची: तत्पर म्हणजे किती तासांत?

मामा: फोन केला की मुलगा पाठवतो.

भाची: फोन केलाच नाही तर?

मामा: फोन केला नाही म्हणजे सगळं चालू आहे.

भाची: खरंच? तुम्हीच मागे सांगितलं होतं, एका दुकानात मोबाईलवर चारही कॅमेरे दिसत होते आणि डिस्क तीन महिन्यांपासून मेलेली होती.

मामांनी मान हलवली. या धंद्यातली ही सगळ्यात मोठी फसगत आहे, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. मोबाईलवर दिसतं ते थेट चित्र. त्याचा डिस्कशी संबंध नसतो. डिस्क बंद पडली तर डीव्हीआर पीप वाजवतो. दुकानाच्या गलबल्यात ते ऐकू येत नाही, किंवा कुणीतरी त्रास होतो म्हणून आवाज बंद करून टाकतं. त्यानंतर मालक रोज मोबाईल बघतो, चित्र छान असतं आणि रेकॉर्डिंग होत नसतं.

भाची: म्हणजे फोन न येणं ही सगळं ठीक असल्याची खूण नाही. तुम्ही न बोलावता जायला हवं.

मामा: किती वेळा?

भाची: वर्षातून चारदा.

मामा: बाई गं! माझी तीनशेच्या वर दुकानं आहेत. चार म्हणजे बाराशे फेऱ्या. शिडी धरायला दुसरा लागतो म्हणून दोन्ही मुलं जोडीनेच जातात. रोजच्या चार फेऱ्या झाल्या. मग तक्रारी कधी बघणार आणि नवीन कधी बसवणार?

भाची: मग दोन. कधी जायचं ते तुम्ही ठरवा.

मामांनी विचार केला आणि या वेळी त्यांना कागदाची गरज लागली नाही.

मामा: एक मे महिन्यात, पावसाच्या आधी. बाहेरच्या कॅमेऱ्याच्या जोडाला ओल लागली की बीएनसी हिरवी पडते, चित्रात लाटा येतात, मग एक दिवस चित्रच जातं. ते आधी पुसून, टेप मारून, डबीत घालायला पाहिजे. आणि डीव्हीआर खाली ठेवलाय का, ते बघायला पाहिजे. २०१९ च्या पुरात या बाजारात काय झालं, ते आपण बघितलंय. माळ्यावर, कुलपाच्या पेटीत, हवा खेळेल अशा जागी. चोर आला तर तोही पहिल्यांदा डीव्हीआरच शोधतो. दुसरी फेरी दिवाळीच्या आधी. तेव्हा दुकानदार आकाशकंदील लावतो, बॅनर लावतो, पुड्यांच्या माळा टांगतो आणि कॅमेऱ्यासमोर बरोबर ‘मेगा सेल’ येतं. कोळ्याची जाळीही त्याच वेळी. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि सगळं चित्र पांढरं.

भाची: फेरीत नेमकं काय काय करणार, ते क्रमाने?

मामा: काच पुसायची. घड्याळ बघायचं. डीव्हीआरमधला छोटा सेल गेला की वेळ मागे पडते, मग बिलाची वेळ आणि चित्राची वेळ जुळत नाही. एसएमपीएसचा व्होल्टेज. आणि डिस्क.

भाची: डिस्क चालू आहे, हे मालकाला कसं कळणार? मुलगा सांगेल ‘ठीक आहे’ आणि जाईल.

मामा: सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग काढून दाखवायचं. कॅलेंडरमध्ये मागे मागे जायचं, जिथे संपतं ती तारीख.

भाची: आणि ती तारीख मालकाच्या कार्डावर लिहायची, त्याची सही घ्यायची. आज २० ऑक्टोबर, सगळ्यात जुनं २५ सप्टेंबर. जर कधी ती तारीख तीन आठवड्यांच्या आत आली, तर तुमची चूक, तुमच्या खर्चाने.

मामा: हे कार्ड म्हणजे माझ्याच गळ्यात फास.

भाची: हे कार्ड म्हणजेच तुमची जाहिरात. हँडबिल रद्दीत जातं. कार्ड दुकानात खिळ्याला टांगलेलं राहतं, शेजारचा बघतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःहून एक भर घातली, जी मला दीड तासातली सगळ्यात मोलाची वाटली. डिस्क वॉरंटीत असली तरी कंपनीकडून बदलून यायला वेळ लागतो, कधी पंधरा दिवससुद्धा. तेवढे दिवस दुकान बिनरेकॉर्डिंगचं. ‘मी दोन डिस्क नेहमी बाजूला ठेवतो. गेलेली काढली की त्याच दिवशी बदली लावतो. पैसे नाही घेत. जुनी आली की माझी परत.’ भाचीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे आजवर कुणाला सांगितलंत का? त्यांनी सांगितलं नव्हतं. करायचं ते करतो, सांगायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

मामांनीही एक अट मांडली आणि ती रास्त होती. फुकट कशाला आणि पैसे कशाला, हे तितक्याच मोठ्या अक्षरांत हवं. उंदराने वायर कुरतडली, रंगकाम करताना कुणी कॅमेरा फिरवला, दुकानाची मांडणी बदलली, तर ती वॉरंटी नव्हे. नाहीतर ‘मोफत भेट’ या दोन शब्दांवर दुकानदार वर्षभर घरचा पंखाही दुरुस्त करून घेईल. वायरचंही तसंच. किमतीत किती मीटर वायर, हे लिहिलं नाही तर बिल बघून पहिलं भांडण तिथेच होतं. दोन टीबीची डिस्क धरून किंमत वाढवावी लागली. मामांनी ती सांगताना आवंढा गिळला.

शेवटी तयार झालेला मजकूर असा:

‘दुकानात कॅमेरे बसवताय? आधी हे तीन प्रश्न विचारा.

कुणाचा चेहरा, कुठून? दारातून येणाऱ्याचा चेहरा टिपायला आम्ही एक कॅमेरा दाराच्या आतच, ८ फुटांच्या खाली लावतो. बऱ्या उजेडात १० फुटांपर्यंतचा अनोळखी चेहराही ओळखू येतो. दुसरा काउंटरवर, सरळ गल्ल्याकडे बघणारा. पाचशेची नोट की दोनशेची, ते दिसतं. उरलेले दोन माल आणि मागच्या दारासाठी. त्यांत माणसाची हालचाल दिसते, लांबचा चेहरा ओळखू येईलच असं नाही.

किती दिवसांपूर्वीचं? २ टीबी डिस्क. चारही कॅमेऱ्यांचं कमीत कमी ३ आठवड्यांचं रेकॉर्डिंग, चित्राची प्रत कमी न करता. कुणाकडूनही घ्या, पण आधी १५ दिवसांपूर्वीचा चालत्या माणसाचा चेहरा काढून दाखवायला सांगा.

बिघडलं तर कोण येणार? पहिल्या वर्षी न बोलावता २ भेटी: पावसाआधी आणि दिवाळीआधी. प्रत्येक भेटीत सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंगची तारीख तुमच्या कार्डावर लिहून देऊ. तक्रार आल्यास सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, जयसिंगपूर: दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत. गेलेली डिस्क काढली की त्याच दिवशी तात्पुरती डिस्क, मोफत. पासवर्ड तुमचा, आमच्याकडे राहणार नाही.

किंमत १७,९९९ रुपये, जीएसटी आणि ९० मीटर वायरसह. उंदराने कुरतडलेली वायर, हलवलेला कॅमेरा, दुकानाच्या मांडणीतले बदल यांचे पैसे वेगळे पडतील.’

पासवर्डची ओळ भाचीने न विचारता घातली होती. मामा त्यावर थांबले. कॅमेरे बसवणाऱ्याच्या हातात ॲडमिन पासवर्ड राहिला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ‘विसरला तर रीसेट करायला मलाच यावं लागेल,’ एवढंच ते पुटपुटले आणि ओळ ठेवली.

मी प्रूफ काढून दिलं. मामांनी चष्मा लावून खालपासून वर वाचलं, कुठे काय कबूल केलंय ते बघत. किमतीला हात लावला नाही, कार्डालाही नाही. ‘तासगाव, जयसिंगपूर’वर मात्र पेन फिरवलं.

भाची: का? तिकडे तुमची चाळीस दुकानं आहेत.

मामा: आहेत. पण दुसऱ्या दिवशी पोचेन याची खात्री नाही. एक मुलगा लग्नाला गेला की संपलं. तिकडे चार दिवस लागतात, आणि ‘चार दिवस’ लिहिलं तर तिकडे कुणी फोन करणार नाही.

भाची: मग तिथलं हँडबिल वेगळं काढा. चार दिवस लिहून.

मामा: आधी हे वाटू दे. (माझ्याकडे वळून) हजार काढा. गणपती पेठ आणि मिरजेचं मार्केट. कार्डंही टाका, पण त्यावर तारखेसाठी दोनच नाही, सहा रकाने ठेवा.